जाहिरातपर लेख संपादित करताना: वाचनीय करायचा, पण वाचक फसायला नको. कसं जमवता?

शाईचाडाग

मंडळी, एक कामाचा प्रश्न आहे. मी घरून संपादनाची कामं घेते. एका मासिकाच्या घरबांधणी विशेष पुरवणीसाठी पैसे घेऊन छापायच्या लेखांचं काम सध्या हातात आहे. मजकूर बिल्डरच्या एजन्सीकडून येतो आणि तो 'वाचण्यासारखा' करून देणं ही माझी जबाबदारी. नाव-गाव काढून एक नमुना देते:

"धकाधकीच्या जीवनात प्रत्येकालाच हवा असतो निसर्गाच्या कुशीतला निवांतपणा. नेमकी हीच गरज ओळखून तळेगावच्या रम्य परिसरात साकारत आहे एक स्वप्ननगरी. पुण्यापासून अवघ्या ४५ मिनिटांवर, ६५० चौ. फुटांचे प्रशस्त टू बीएचके, जागतिक दर्जाच्या सुविधा आणि गुंतवणुकीवर हमखास परतावा! 'आम्ही घरं नाही, नाती बांधतो,' असे संचालक अभिमानाने सांगतात. मावळ परिसरातील गृहखरेदीदारांची या प्रकल्पाला पहिली पसंती मिळत असल्याचे चित्र आहे."

हे जसंच्या तसं छापलं तर कुणी वाचणार नाही. चांगलं लिहिलं तर ते आमच्याच वार्ताहराने लिहिलंय असं वाटणार. त्यात एजन्सीचं म्हणणं असं की 'जाहिरात' हा शब्द नको, खाली बारीक अक्षरात 'इम्पॅक्ट फीचर' टाका. तुम्ही हे काम करत असाल तर कसं करता? लेबल कुठे, कोणत्या शब्दांत आणि मजकुरात नेमकं काय बदलायचं?

टवाळपंत

"निसर्गाच्या कुशीत" म्हणजे टँकर येतो. "निवांतपणा" म्हणजे रिक्षा येत नाही. झालं संपादन, मानधन पाठवा.

नर्मदेकाठी

मलाही या जाहिरातींचा फार वैताग येतो. बातमी उघडली की अर्धा स्क्रीन भरून काहीतरी येतं, बंद करायची फुली सापडत नाही. मुलाने फोनमध्ये काहीतरी टाकून दिलंय, त्याने बऱ्याच बंद झाल्या. नाव विचारून सांगते.

शाईचाडाग

@नर्मदेकाठी, ताई, माझा प्रश्न वेगळा आहे. लेखासारखी दिसणारी जाहिरात कशी लिहायची, हा. पण नाव नक्की सांगा, मलाही हवंय :)

डेस्कवाले काका

बरीच वर्षं पुरवण्यांच्या डेस्कवर काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या नमुन्यात सगळ्यात वाईट वाक्य कोणतं? "निसर्गाच्या कुशीत" नव्हे, ते नुसतंच गुळगुळीत आहे. वाईट आहे ते शेवटचं. "पहिली पसंती मिळत असल्याचे चित्र आहे." हे चित्र कुणी पाहिलं? ही बातमीदाराची भाषा आहे. 'बोलले जात आहे', 'समाधान व्यक्त होत आहे', 'जाणकारांचे मत आहे', 'प्रतिनिधीने भेट दिली असता' ही सगळी त्यातलीच भावंडं. ती वाचली की वाचक आपोआप धरून चालतो की अंकाचा माणूस तिथे जाऊन आलाय. म्हणून माझा पहिला हात तिथे पडतो. गुळगुळीत विशेषणं मागाहून कापली तरी चालतात.

मग प्रत्येक वाक्याला विचारायचं: हे कोण बोलतंय? पैसे दिलेल्या लेखात बोलणारा एकच, तो म्हणजे बिल्डर. 'कंपनीच्या म्हणण्यानुसार' किंवा सरळ 'आम्ही' असं येऊ द्या. 'आम्ही' लिहिलेला लेख उलट जास्त नैसर्गिक वाचला जातो, कारण त्यात नाटक नसतं. बायलाइन द्यायची नाही, 'प्रतिनिधी' नाही, 'वाणिज्य प्रतिनिधी'सुद्धा नाही. संचालकांचं विधान त्यांनी खरंच केलं असेल तर ठेवा. एजन्सीने रचलेलं असेल तर लेखी मंजुरी घ्या, नाहीतर काढा.

तिसरी गोष्ट माहितीची. मजकूर कंटाळवाणा होतो तो जाहिरात असल्यामुळे नाही, त्यात काहीच सांगितलेलं नसतं म्हणून. एजन्सीला प्रश्न पाठवा. ४५ मिनिटं कुठून, किती वाजता? ६५० फूट हा कार्पेट एरिया आहे की जिना, लॉबी धरून? ताबा कधी? सुविधांपैकी आज काय उभं आहे? पहिली तीन उत्तरं आली की अर्धा लेख तयार झाला म्हणून समजा.

कोथरूडकर

मला वाटतं हा प्रश्न उगाच मोठा केला जातोय. घरांच्या जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक टाकावाच लागतो. तो दिसला की ही जाहिरात आहे हे शेंबडं पोरही ओळखतं. वेगळ्या लेबलची गरज काय?

वकिली_नजर

@कोथरूडकर, अर्धं बरोबर. क्रमांक लागतोच. रेरा कायद्याच्या कलम ११(२) प्रमाणे नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता ठळकपणे द्यायचा असतो. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने क्यूआर कोडही सक्तीचा केला, तो नसेल तर पन्नास हजारांपर्यंत दंड. पण ही सगळी प्रकल्पाची ओळख झाली. मजकुरासाठी पैसे दिलेत की नाही, हे त्यातून कळत नाही. एखादा वार्ताहर प्रामाणिकपणे प्रकल्पावर लिहितानाही क्रमांक देऊ शकतो की.

लेबलचा आग्रह दुसरीकडून येतो. प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत जाहिरात बातमीपासून स्पष्टपणे वेगळी ओळखू आली पाहिजे असं म्हटलंय.

आणि एजन्सीशी वाद घालायचा असेल तर हे हत्यार वापरा. रेरामधली 'जाहिरात' ही व्याख्या फार रुंद आहे, कोणत्याही स्वरूपातली प्रसिद्धी त्यात येते. म्हणजे वर 'इम्पॅक्ट फीचर' लिहा नाहीतर 'विशेष लेख' लिहा, बिल्डरने पैसे देऊन छापून घेतलेला मजकूर ही जाहिरातच. जाहिरातीतल्या खोट्या किंवा चुकीच्या विधानावर विसंबून कुणी आगाऊ रक्कम भरली आणि नुकसान झालं, तर कलम १२ खाली भरपाई मागता येते. व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर व्याजासह पैसे परत. तेव्हा लेबल लपवून बिल्डरची जबाबदारी कमी होत नाही. फक्त वाचक फसतो आणि अंकाची अब्रू जाते.

मावळातला

हे कलम १२ जरा सविस्तर सांगा. मी अशाच एका पुरवणीतलं पान वाचून घर घेतलं. 'क्लबहाऊस आणि ज्येष्ठांसाठी उद्यान' असं छान लिहिलेलं होतं, फोटोसकट. आज तिथे पत्र्याचं कुंपण आणि आत गवत. बिल्डर म्हणतो तो लेख पेपरवाल्यांनी लिहिला, आम्ही कुठे म्हणालो. पेपरवाले म्हणतात माहिती बिल्डरने दिली.

वकिली_नजर

@मावळातला, ते पान मूळ अंकासकट जपून ठेवा, नुसतं कात्रण नको. तारीख दिसली पाहिजे. बुकिंगची तारीख त्यानंतरची आहे ना? महारेराच्या साइटवर प्रकल्पाच्या पानावर मंजूर नकाशे आणि सुविधांचा तपशील असतो, तो उतरवून घ्या. करारनाम्याच्या परिशिष्टात क्लबहाऊस आहे का तेही बघा. तुमची अडचण हीच की त्या पानावर 'जाहिरात' लिहिलेलं नाही, त्यामुळे मजकूर बिल्डरचा होता हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल. लेबल असतं तर हा मुद्दाच आला नसता. पुढचं कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, व्यनि करा.

शाईचाडाग

बाप रे. म्हणजे लेबल वाचकाला पुढे पुरावा म्हणूनही लागतं. हे डोक्यातच आलं नव्हतं.

@डेस्कवाले काका, तुमचे प्रश्न एजन्सीला पाठवलेत. ४५ मिनिटांवर उत्तर आलं, "गूगल मॅपवर दाखवतं."

टवाळपंत

पहाटे तीनला सगळंच ४५ मिनिटांवर असतं. दादरही.

आकडेमोड

मी जाहिरात विभागातला, म्हणजे या धाग्यावरचा खलनायक. दुसरी बाजूही ऐका.

पुरवणीचा कागद, छपाई आणि तुमचं मानधन याच पानांतून निघतं. वर मोठ्या अक्षरात 'जाहिरात' लिहिलं की ग्राहक म्हणतो, मग मी साधी डिस्प्ले जाहिरातच देतो, लेखाचे पैसे कशाला? त्याला हवी असते अंकाची विश्वासार्हता, आणि तो तेच विकत घेत असतो. हे तुम्हाला आवडो न आवडो. 'प्रायोजित' या शब्दावर बहुतेक ग्राहक तयार होतात, 'जाहिरात'वर अडतात. मग मधला मार्ग म्हणून 'प्रायोजित' घ्यायला काय हरकत आहे? वाचक काही दुधखुळा नाही.

डेस्कवाले काका

आकडेमोड, प्रामाणिकपणे लिहिलंत त्याबद्दल आभार. पण तुमचंच वाक्य परत वाचा. विश्वासार्हता तुम्ही विकलीत तर ती पुढच्या वर्षी कुठून आणणार?

'प्रायोजित'ला माझी हरकत एवढीच की आपल्याकडे प्रायोजित व्याख्यानमाला असते, प्रायोजित कार्यक्रम असतो. त्यात कुणीतरी खर्च उचलतो, पण वक्ता आपलं बोलतो. इथे खर्चही त्याचा आणि बोलणंही त्याचं. त्याऐवजी पैसे कुणी दिले ते पूर्ण लिहा: 'जाहिरात. हा मजकूर अमुक डेव्हलपर्स यांनी पैसे देऊन प्रसिद्ध केला आहे. संपादकीय विभागाचा यात सहभाग नाही.' दोन ओळी जातात, काही बिघडत नाही.

कोथरूडकर

"संपादकीय विभागाचा सहभाग नाही" असं लिहिणार आणि संपादन शाईचाडाग करणार. मग ते खोटंच झालं की!

डेस्कवाले काका

पकडलंत बरोबर :) म्हणूनच बऱ्याच ठिकाणी या कामाला वेगळी माणसं ठेवतात. बातम्या लिहिणाऱ्याने हे पान करायचं नाही. शाईचाडाग बाहेरच्या आहेत, जाहिरात विभागासाठी काम करतात, तेव्हा वाक्य टिकतं. पण पुरवणीतला 'घर घेताना काय पाहाल' हा लेखही त्याच लिहिणार असतील तर टिकत नाही.

शाईचाडाग

तोही मीच लिहिणार आहे. :(

न्यूजर्सीचा बंड्या

इकडचं एक उदाहरण देतो. जानेवारी २०१३ मध्ये 'द अटलांटिक' या जुन्या मासिकाच्या साइटवर चर्च ऑफ सायंटॉलॉजीचा पैसे घेऊन छापलेला लेख आला होता. वर 'स्पॉन्सर कंटेंट' अशी पट्टी होती बरं का. तरी एवढा गदारोळ झाला की काही तासांत लेख उतरवावा लागला आणि मासिकाने माफी मागितली. कारण पान अगदी त्यांच्या नेहमीच्या लेखासारखं दिसत होतं. त्यात खालच्या प्रतिक्रियाही मार्केटिंगवाले सांभाळत होते, त्यामुळे टीका गाळली जातेय असा आरोप झाला. म्हणजे नुसती पट्टी पुरत नाही, पानाचं सगळं रूप बोलत असतं.

पुढे २०१५ मध्ये इथल्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा जाहिरातींसाठी मार्गदर्शिका काढली. तिचा रोख साधारण असा की 'प्रमोटेड'सारखे संदिग्ध शब्द टाळा, जाहिरात आहे ते सरळ सांगा आणि वाचक मजकुरात शिरण्याआधी सांगा.

मांडणीवाली

बंड्याच्या मुद्द्याला धरून. मी पानं लावते, लेबलचा निकाल बहुतेक वेळा माझ्या टेबलावर लागतो. मजकूर कितीही सुधारा, मला 'नेहमीच्याच टेम्प्लेटमध्ये टाक' असं सांगितलं की खेळ संपला.

लेबल शीर्षकाच्या वर हवं, खाली नको. पानाच्या कोपऱ्यात जिथे तारीख आणि पान क्रमांक असतो तिथे तर मुळीच नको, तो भाग कुणी वाचत नाही. आकार किमान इंट्रोच्या अक्षराएवढा. फिकट राखाडी नको. न्यूजप्रिंटवर फिकट राखाडी अक्षर तुटतं आणि मग छपाईवर ढकलून मोकळं होता येतं, म्हणून तर काहींना ते आवडतं. मजकुराचा टाइपफेस वेगळा, चौफेर जाड चौकट, आणि लेख दोन पानी असेल तर लेबल दोन्ही पानांवर. शीर्षक मराठीत आणि लेबल तेवढं इंग्रजीत, ही चलाखी तर मला सगळ्यात जास्त खटकते.

वकिली_नजर

@मांडणीवाली, शेवटच्या मुद्द्याला आधार आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांत जाहिरातीतल्या डिस्क्लेमरबद्दल म्हटलंय की तो दाव्याच्याच भाषेत आणि त्याच अक्षरात असावा. ते लेबलबद्दल थेट नाही, हे मान्य. पण तत्त्व तेच.

आकडेमोड

छापील अंकात ठीक आहे हो. खरी गंमत ऑनलाइन होते. पानावर लेबल असतं, पण कुणी लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की दिसतो फक्त फोटो, शीर्षक आणि अंकाचं नाव. लेबल गायब. ग्राहकाला तेच तर हवं असतं.

मांडणीवाली

त्याला उपाय आहे, तुम्ही करू देत नाही एवढंच. शीर्षकाच्या आधीच 'जाहिरात:' लिहायचं, म्हणजे ते शीर्षकाचाच भाग होतं. शेअर करताना जे शीर्षक जातं त्यातही तेच घालायचं:

```html
<meta property="og:title" content="जाहिरात: तळेगावात टू बीएचके">
```

आणि लेखातून बिल्डरच्या साइटवर जाणाऱ्या दुव्याला `rel="sponsored"` लावायचं. पैशाचे दुवे असे चिन्हांकित करा म्हणून गूगलनेच सांगितलंय. एजन्सी 'साधा दुवा द्या' म्हणून हटून बसते, कारण तिला शोधात वर यायचं असतं. म्हणजे लेख माणसांसाठी नसतोच कधी कधी.

पारावरचा

मराठी पेपरांनी कुणाला शिकवू नये. २००९च्या विधानसभा निवडणुकीत काय झालं विसरलात? एकच कौतुकाचा मजकूर, शब्दही न बदलता, वेगवेगळ्या दैनिकांत बातमी म्हणून आला होता. वर वेगवेगळी नावं. पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर त्याच वर्षी प्रेस कौन्सिलला समिती नेमावी लागली होती. आणि तुम्ही टू बीएचकेच्या लेबलवर भांडताय.

डेस्कवाले काका

विसरलो नाही. तिथे लेबलच नव्हतं आणि पैसा हिशोबातच नव्हता, ते प्रकरण वेगळ्या जातीचं. पण एक सांगतो, ते मजकूर उघडे पडले ते भाषेवरूनच. दोन अंकांत तेच अलंकार, त्याच क्रमाने. एजन्सीचा मजकूर न तपासता लावणारं डेस्क असंच सापडतं.

बरं, मूळ प्रश्नावर येऊ. शाईचाडाग, उत्तरं आली का? मसुदा टाका इथे.

शाईचाडाग

आली, तीन वेळा मागे लागल्यावर. ६५० हा 'सेलेबल' आकडा निघाला, कार्पेट ४८७. ताबा महारेराकडे डिसेंबर २०२७ नोंदवलाय. पोहण्याचा तलाव दुसऱ्या टप्प्यात, ज्याचं काम सुरूच नाही. 'हमखास परतावा' कशावरून, याला उत्तर नाही, म्हणून तो काढला. माझा मसुदा:

"जाहिरात. हा मजकूर — डेव्हलपर्स यांनी पैसे देऊन प्रसिद्ध केला आहे.

तळेगाव स्टेशनपासून साडेतीन किलोमीटरवर आम्ही दोन इमारती बांधत आहोत. पहिलीचा सातवा मजला चढला आहे, दुसरीचा पाया भरून झाला आहे. टू बीएचकेचा कार्पेट एरिया ४८७ चौरस फूट आहे. बाल्कनी त्यात धरलेली नाही. पुण्याला रोज ये-जा करणाऱ्यांना लोणावळा लोकल सोयीची पडते. गाडीने येणाऱ्यांनी सकाळच्या वेळी एकदा स्वतः येऊन पाहावं, असं आम्ही सुचवतो. बाग आणि मुलांचं मैदान पहिल्या इमारतीसोबत तयार होईल. पोहण्याचा तलाव दुसऱ्या टप्प्यात आहे. महारेराकडे नोंदवलेली ताब्याची तारीख डिसेंबर २०२७ आहे."

खाली क्रमांक, संकेतस्थळ आणि क्यूआर.

नर्मदेकाठी

हे वाचून मला जाऊन बघावंसं वाटलं. पहिलं वाचून नव्हतं वाटलं.

टवाळपंत

"गाडीने येणाऱ्यांनी स्वतः येऊन पाहावं" हे वाक्य बिल्डरने मंजूर केलं तर मी बुकिंग करतो.

डेस्कवाले काका

छान उतरलंय. दोनच सूचना. 'सोयीची पडते' हा अजूनही दावाच आहे. लोकल तळेगावला थांबते एवढंच लिहा, सोयीची आहे की नाही ते प्रवासी ठरवतील. आणि तलावाचं 'दुसऱ्या टप्प्यात आहे' असं नको, 'काम अजून सुरू झालेलं नाही' असं लिहा. नाहीतर काही वर्षांनी कुणी मावळातला हे पान घेऊन उभा राहील.

पारावरचा

मला हे पटत नाही. मजकूर खरा केलात, वाचनीय केलात, म्हणजे जाहिरात जास्त परिणामकारक केलीत. आधीचा भंपक मजकूर निदान स्वतःच ओरडून सांगत होता की मी जाहिरात आहे. आता लेबलकडे दुर्लक्ष झालं तर वाचक जास्त विश्वास ठेवणार.

मांडणीवाली

@पारावरचा, मुद्दा आहे. पण भंपक मजकुरात ६५० होतं आणि आता ४८७ आहे. लेबल न वाचणाऱ्यालासुद्धा आता खरा आकडा मिळतो.

पारावरचा

आकडा खरा, आणि मासिकात पान आल्याने मिळणारी प्रतिष्ठा? ती तर विकलीच ना.

शाईचाडाग

एजन्सीचं उत्तर आलं. ४८७ मान्य, तलावाचं वाक्य कुरकुरत मान्य, गाडीचं वाक्य काढलं (टवाळपंत वाचले). 'आम्ही'ऐवजी कंपनीचं नाव हवं, ते दिलं. लेबलवर अजून अडलंय. त्यांना शीर्षकाखाली हवंय, मी वरच म्हणतेय. पुरवणीच्या संपादकांकडे गेलंय प्रकरण. आणि 'घर घेताना काय पाहाल' हा लेख दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या असं मी कळवलंय, तेवढं मानधन गेलं.

आकडेमोड

संपादक वरच ठेवतील बहुधा. तसं झालं तर ग्राहकाला दर थोडा कमी करून द्यावा लागतो, आमचा अनुभव. क्यूआर केवढा ठेवलाय? एजन्सीवाले तो नखाएवढा करून पाठवतात.

मांडणीवाली

दोन सेंटीमीटरच्या खाली जाऊ नका आणि भोवती पांढरी जागा सोडा. रंगीत पट्टीवर तर अजिबात नको. प्रूफ निघालं की कागदावरूनच स्कॅन करून बघा, स्क्रीनवरून नाही. आणि उघडतं ते महारेराचंच पान आहे ना, तेही बघा. मागच्या पुरवणीत एकाने बिल्डरच्या ब्रोशरचा क्यूआर दिला होता, सगळं छापून झाल्यावर कळलं.